काठिण्य-तुलना, उष्णोपचारित पोलादाची

पोलाद तापवून पाण्यात वा तेलात झपाट्याने थंड करतात (क्वेंचिंग) आणि नंतर मध्यम तापमानाला पुन्हा धरतात (टेंपरिंग). या दोन पायऱ्यांवर नमुन्यांचे काठिण्य मोजून, आकडे एकमेकांशी ताडून, प्रक्रिया कुठे नीट झाली आणि कुठे फसली हे अहवालात मांडणे म्हणजे काठिण्य-तुलना.

भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावात हा प्रश्न मागाच्या सुट्या भागांपाशी येतो. साध्या धोट्याच्या मागावर पिकिंग टॅपेटचे पोलादी नोज दर दोन पिकांमागे एकदा बाउलवर आदळते. ते मऊ राहिले तर झिजते आणि धोट्याची फेक मंदावते. फार कडक राहिले तर त्याचा टवका उडतो. त्यामुळे दोन्ही बाजूंनी मर्यादा घालावी लागते. उदाहरणापुरते धरू, की भाग सी४५ पोलादाचा (कार्बन सुमारे ०.४५ टक्के) आहे आणि मर्यादा ३८ ते ४२ एचआरसी ठरली आहे.

रॉकवेल ‘सी’ मापात हिऱ्याचा १२० अंशांचा शंकू आधी १० आणि मग एकूण १५० किलोग्रॅम-बलाने दाबतात व खोली मोजतात. एक अंक म्हणजे केवळ २ मायक्रॉन. नमुन्याखाली खपली वा धूळ राहिली तरी आकडा खाली येतो. म्हणून पहिले वाचन सोडून द्यावे, पुढची पाच घ्यावीत, सरासरीसोबत त्यांचा पसाराही लिहावा. दोन ठशांच्या मध्यांत ठशाच्या तिप्पट अंतर हवे. गोल दांड्याच्या पाठीवर घेतलेले वाचन खऱ्यापेक्षा कमी भरते. एक तर दुरुस्ती जोडावी, नाही तर सपाट जागा घासून घ्यावी. न तापवलेल्या सी४५चे काठिण्य मात्र या मापात लिहू नये. ते २० एचआरसीच्या खाली जाते आणि तिथे हे माप विश्वासाचे नाही, ब्रिनेल वापरावे.

आता दोन नमुने घेऊ. दोन्ही २५ मिलिमीटर व्यासाचे, ८४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेले. पहिला पाण्यात विझवला : पृष्ठभाग ५७. मग सुमारे ४०० अंशांना टेंपर केला : ४०. दुसरा तेलात विझवला : पृष्ठभाग जेमतेम ४१. त्याला २०० अंशांना धरले : ४०. अहवालात फक्त शेवटचा आकडा लिहिला तर दोन्ही नमुने सारखेच पास होतात, आणि इथेच बहुतेक अहवाल फसवतात. एवढ्या कार्बनच्या पोलादात पूर्ण मार्टेन्साइट झाले तर काठिण्य ५७-५८च्या घरात जाते. निम्मेच झाले तर ४५च्या आसपास. ४१ म्हणजे निम्म्याहूनही कमी. पहिल्या नमुन्याचे ४० हे टेंपरिंगने कमावलेले आहे. दुसऱ्याचे ४० म्हणजे अर्धवट क्वेंचिंगची मिश्र रचना, आणि तिचा चिवटपणा कमी असतो. म्हणून क्वेंचिंगनंतरचा आकडा स्वतंत्र रकान्यात नसेल तर तुलना झालीच नाही असे समजावे.

क्वेंचिंगनंतरचा आकडा कमी आला, तर कारण शोधायला एक साधी चाचणी आहे. पृष्ठभाग अर्धा मिलिमीटर, पाणी सोडत, हलक्या हाताने घासून पुन्हा मोजावे. आकडा चढून ५७ला पोचला, तर भट्टीत वरच्या थरातला कार्बन जळाला होता. चढला नाही किंवा आत जाताना आणखी उतरला, तर थंड होण्याचा वेगच अपुरा होता. भिवंडीच्या मे महिन्यात याचे कारण बहुधा टाकीतच सापडते : एकामागून एक तापलेले भाग पडून पाणी कोमट होते, भागाभोवती वाफेचे आवरण जास्त वेळ टिकते आणि उष्णता बाहेर पडायला उशीर होतो. त्यामुळे अहवालात पाण्याचे तापमान नोंदवणे भट्टीच्या तापमानाइतकेच उपयोगाचे. पाणी हलते ठेवणे किंवा मिठाचे द्रावण वापरणे हे नेहमीचे उपाय. मिठाच्या पाण्यात तडे जाण्याचा धोका मात्र वाढतो.

क्वेंचिंग ठीक, पण शेवटचा आकडा हलला, तर बोट टेंपरिंगकडे जाते. ४०० अंशांच्या आसपास २५ अंशांच्या फरकाने काठिण्य साधारण दोन अंकांनी बदलते. भट्टीच्या दाराजवळचे नमुने ४२ आणि आतले ३८ आले, तर यंत्रावर संशय घेण्याआधी थर्मोकपल कुठे बसवले आहे ते पाहावे. एका अंकाच्या फरकावर निष्कर्ष काढू नये. यंत्राची स्वतःची चूकच तेवढी असू शकते. प्रमाणित ठोकळ्यावरचे त्या दिवसाचे वाचन अहवालात असले की हा वाद उरत नाही.

काठिण्याचा आकडा एक गोष्ट दाखवत नाही. साधारण २५० ते ३७० अंशांच्या पट्ट्यात टेंपर केलेल्या पोलादाचे काठिण्य सरळ उतरत जाते, पण आघात सोसण्याची ताकद मात्र वाढण्याऐवजी घसरू शकते. आदळणाऱ्या भागासाठी हा पट्टा टाळतात. नोज मर्यादेत असूनही तुटत असेल, तर नमुना शार्पी आघात चाचणीला पाठवावा आणि तुटलेला पृष्ठभाग भिंगाखाली पाहावा.