दिव्याची ज्योत आणि तापलेले तेल : ऊर्जादरीच्या शोधाची कथा

१/ लंडन, फेब्रुवारी १८३३. रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत मायकेल फॅरेडे यांनी सिल्व्हर सल्फाइडचा, म्हणजे चांदी व गंधक यांच्या काळसर संयुगाचा, तुकडा विद्युतमंडलात जोडला. गॅल्व्हानोमीटरची सुई जेमतेम हलली. मग त्यांनी तुकड्याखाली दिवा धरला. तुकडा तापू लागला आणि सुई झपाट्याने पुढे सरकली. दिवा काढताच तुकडा थंड झाला व सुईही मागे आली.

२/ आज हे निरीक्षण किरकोळ वाटेल. त्या काळी मात्र ते चक्रावून टाकणारे होते. फॅरेडे यांचे गुरू हम्फ्री डेव्ही यांनी १८२१ मध्येच दाखवले होते की, धातू तापवला की त्याची विद्युतवाहकता घटते. उष्णता हा विजेच्या मार्गातील अडथळा, अशी तेव्हापासूनची धारणा होती. येथे तर उष्णतेनेच वीज वाहू लागली होती.

३/ फॅरेडे यांनी निरीक्षण प्रामाणिकपणे नोंदवले आणि त्याच वर्षी प्रसिद्धही केले; पण कारण सांगणे त्यांना शक्य नव्हते. त्यात त्यांचा दोष नाही. इलेक्ट्रॉनचा शोध अजून ६४ वर्षे दूर होता. शिवाय त्यांनी निवडलेला पदार्थही सरळ नव्हता. सिल्व्हर सल्फाइड तापले की इलेक्ट्रॉनांबरोबर चांदीचे आयनही हलू लागतात. कोडे खरे होते, परंतु त्याचे उत्तर देण्यास हा साक्षीदार फारसा विश्वासार्ह नव्हता.

४/ १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला आणि १९०० मध्ये जर्मनीतील पॉल ड्रूड यांनी धातूचे चित्र रेखाटले : अणूंच्या जाळीत इलेक्ट्रॉन वायूच्या कणांसारखे मोकळे फिरतात. धातू तापला की अणूंची थरथर वाढते, इलेक्ट्रॉन अधिक वेळा अडखळतात आणि वाहकता घटते. डेव्हींचे निरीक्षण या चित्रात बसवता येत होते, फॅरेडेंचे मात्र नाही.

५/ दरम्यान, तापल्यावर अधिक वीज वाहून नेणाऱ्या पदार्थांची यादी वाढत होती. १९११ च्या सुमारास जर्मनीत त्यांना ‘हाल्बलायटर’, म्हणजे ‘अर्धवाहक’, हे नाव मिळाले. नाव मिळाले, पण प्रतिष्ठा मिळाली नाही. एकाच पदार्थाचे दोन नमुने दोन वेगळी उत्तरे देत. कणभर अशुद्धीने मोजमाप हजारो पटींनी बदले. व्होल्फगांग पाउली यांनी १९३१ मध्ये रुडॉल्फ पायर्ल्स यांना लिहिलेल्या पत्रात अर्धवाहकांच्या संशोधनाला चिखल म्हटले आणि असे पदार्थ खरोखर अस्तित्वात आहेत का, याविषयीच शंका घेतली.

६/ त्याआधी १९२८ मध्ये लाइपझिग येथे वेर्नर हायझेनबर्ग यांचे विद्यार्थी फेलिक्स ब्लॉख यांनी नव्या पुंजयामिकीच्या साहाय्याने ड्रूड यांचे चित्र दुरुस्त केले होते. इलेक्ट्रॉन हा तरंगही असतो आणि अणूंची जाळी अगदी नियमित असेल, तर हा तरंग तिच्यातून विनाअडथळा पार होतो, असे त्यांनी सिद्ध केले. अडथळा येतो तो जाळीच्या थरथरण्यामुळे किंवा तिच्यातील दोषांमुळे.

७/ सिद्धांत देखणा होता. पण त्यातून एक अवघड प्रश्न उभा राहिला. इलेक्ट्रॉन कोणत्याही नियमित स्फटिकातून सहज जात असेल, तर हिरा वीज का वाहून नेत नाही? मीठ का नाही? ब्लॉख यांचे म्हणणे शब्दशः घेतले, तर जगातील प्रत्येक स्फटिक धातूच ठरायला हवा होता.

८/ १९३१ च्या प्रारंभी केंब्रिजहून ॲलन विल्सन नावाचा २४ वर्षांचा संशोधक लाइपझिगला आला. ब्लॉख व पायर्ल्स यांचे लेख अभ्यासताना त्याला उत्तर गवसले : इलेक्ट्रॉन मोकळा आहे की नाही, हा प्रश्नच चुकीचा आहे. त्याला जाण्यासाठी रिकामी जागा आहे का, हे विचारले पाहिजे. ही कल्पना हायझेनबर्ग यांनी ब्लॉख यांना बोलावून ऐकवली. ब्लॉख यांना ती आधी पटली नाही. विचारान्ती त्यांनी ती मान्य केली.

९/ विल्सन यांचा मुद्दा एखाद्या नाट्यगृहाच्या उदाहरणाने समजू शकेल. स्फटिकात इलेक्ट्रॉनांना कोणतीही ऊर्जा धारण करता येत नाही. अनुज्ञेय ऊर्जांचे पट्टे असतात आणि दोन पट्ट्यांमध्ये निषिद्ध प्रदेश असतो. खालचा पट्टा म्हणजे नाट्यगृहाचा तळमजला, वरचा पट्टा म्हणजे बाल्कनी आणि दोहोंमधील जिन्याची उंची म्हणजे ऊर्जादरी, ज्याला ‘बँड गॅप’ म्हणतात. एका खुर्चीवर एकच प्रेक्षक, हा नियम खुद्द पाउली यांनी घालून दिलेला.

१०/ तळमजल्याची प्रत्येक खुर्ची भरली असेल, तर प्रेक्षकांनी आपापसांत कितीही जागा बदलल्या, तरी एकूण चित्र तेच राहते. कोणत्याही दिशेने निव्वळ सरकणे घडत नाही, म्हणजेच वीज वाहत नाही. तळमजला अर्धा रिकामा असेल, तर मात्र किंचित रेट्यानेही सगळे एका बाजूला सरकू शकतात. तो झाला धातू. तांब्याचा वरचा पट्टा असा अर्धाच भरलेला असतो. मॅग्नेशियमसारख्या धातूत दोन पट्टे एकमेकांत मिसळलेले असतात. तेथे जिनाच उरत नाही.

११/ आता तळमजला पूर्ण भरलेला आणि बाल्कनी पूर्ण रिकामी, असे नाट्यगृह घ्यावे. वर जाण्यासाठी लागणारी ऊर्जा फक्त उष्णतेतून मिळणार. खोलीच्या तापमानाला उष्णतेच्या ऊर्जेचे स्वाभाविक माप सुमारे ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. जर्मेनियमची दरी सुमारे ०.६७, सिलिकॉनची १.१२ आणि हिऱ्याची ५.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. सर्वांत लहान दरीही या मापाच्या २५ पटींहून मोठी आहे.

१२/ पण उष्णता सर्वांना सारखी वाटली जात नाही. एखाद्या इलेक्ट्रॉनाला योगायोगाने पुष्कळ मिळते. असा योग येण्याची शक्यता दरीच्या रुंदीबरोबर वजाबाकीने नव्हे, तर भागाकाराने घटते. जर्मेनियमपेक्षा सिलिकॉनची दरी अवघ्या ०.४५ इलेक्ट्रॉन-व्होल्टने रुंद आहे, परंतु तेवढ्यानेच वर पोहोचणाऱ्यांची संख्या दोन हजारांहून अधिक पटींनी कमी होते. शुद्ध सिलिकॉनमध्ये खोलीच्या तापमानाला सुमारे पाच लाख कोटी अणूंमागे एक इलेक्ट्रॉन बाल्कनीत असतो. तांब्यात मात्र प्रत्येक अणूमागे एक इलेक्ट्रॉन वहनास मोकळा असतो.

१३/ आणि हिऱ्यात? हिशेब मांडला तर असे निघते की, पृथ्वीच्या आकाराचा संपूर्ण शुद्ध हिरा घेतला, तरी त्यात असे इलेक्ट्रॉन बोटांवर मोजण्याइतकेच असतील. म्हणून हिरा रोधक आणि सिलिकॉन अर्धवाहक. दोघांच्या पट्ट्यांची रचना एकाच जातीची आहे. फरक केवळ जिन्याच्या उंचीचा आहे. अर्धवाहक आणि रोधक यांच्यामध्ये निसर्गाने आखलेली रेघ नाही. धातू आणि हे दोघे यांच्यामध्ये मात्र ती आहे.

१४/ येथे फॅरेडेंच्या दिव्याचे कोडे सुटते. तापमान वाढले की दोन गोष्टी एकाच वेळी घडतात : अणूंची थरथर वाढून प्रत्येक वाहकाची चाल मंदावते आणि दरी ओलांडणाऱ्यांची संख्या वाढते. तांब्यात वाहकांची संख्या आधीच ठरलेली असल्याने फक्त पहिला परिणाम दिसतो. १०० अंशांच्या वाढीने त्याचा रोध सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो.

१५/ शुद्ध सिलिकॉन २७ अंशांवरून १२७ अंश सेल्सियसपर्यंत तापवले, तर वाहकांची चाल साधारण निम्मी होते. पण त्यांची संख्या काहीशे पटींनी वाढते. बेरीज अर्थातच वाढीच्या बाजूने झुकते. शिवाय वर गेलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन तळमजल्यावर एक रिकामी खुर्ची सोडून जातो. शेजारचा तिच्यावर सरकतो, त्याच्या जागी त्याचा शेजारी. ही सरकत जाणारी पोकळी, म्हणजेच ‘विवर’, हीसुद्धा वीज वाहून नेते.

१६/ विल्सन यांनी १९३१ मध्येच रॉयल सोसायटीच्या ‘प्रोसिडिंग्ज’मध्ये दोन लेखांतून हे मांडले आणि पाउलींच्या ‘चिखला’चाही खुलासा केला. अशुद्धीचे काही अणू दरीच्या आत, बाल्कनीच्या अगदी जवळ, इलेक्ट्रॉनांना बसवतात. तेथून वर जायला एखादी पायरीच पुरते. म्हणून कणभर अशुद्धीने मोजमाप उलटेपालटे होत असे. पुढे हाच दोष हेतुपुरस्सर घालण्याची कला झाली आणि डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅबमध्ये पहिला ट्रान्झिस्टर तयार झाला. तो जर्मेनियमचा होता.

१७/ पण अशुद्धीने वाहकता नियंत्रित करायची, तर उष्णतेने निर्माण होणारे वाहक नगण्य असले पाहिजेत. जर्मेनियमची दरी अरुंद. साधारण ७५ अंशांच्या पुढे उष्णतेचे वाहक एवढे वाढतात की, मुद्दाम घातलेल्या अशुद्धीचा अंमल सुटू लागतो. गळतीचा प्रवाह वाढतो, त्याने ट्रान्झिस्टर आणखी तापतो आणि गळती आणखी वाढते. विमाने व क्षेपणास्त्रे यांत वापरू पाहणाऱ्यांसाठी ही अडचण जीवघेणी होती.

१८/ १० मे १९५४, अमेरिकेतील डेटन शहर. विमानातील इलेक्ट्रॉनिक्सविषयीच्या परिषदेत सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर इतक्यात शक्य नाही, असे वक्त्यामागून वक्ते सांगत होते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे गॉर्डन टील उठले आणि असे काही ट्रान्झिस्टर आपल्या खिशातच असल्याचे त्यांनी जाहीर केले. मग त्यांनी ग्रामोफोनच्या ध्वनिवर्धकातील जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर गरम तेलात बुडवला. संगीत थांबले. त्या जागी सिलिकॉनचा जोडून तोही बुडवला. संगीत चालूच राहिले.

१९/ सभागृहाला थक्क करणाऱ्या त्या प्रयोगाचे गणित एका वाक्यात सांगता येते : १५० अंशांना तापलेल्या शुद्ध सिलिकॉनमध्ये उष्णतेने मोकळे झालेले वाहक, खोलीच्या तापमानाला असलेल्या जर्मेनियमपेक्षाही कमी असतात. ०.४५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या फरकाची ही किमया. सिलिकॉन शुद्ध करणे जर्मेनियमहून कितीतरी कठीण होते. तरीही पुढच्या काळात उद्योगाने तोच मार्ग धरला.

२०/ फॅरेडेंच्या दिव्यापासून टील यांच्या तेलापर्यंत १२१ वर्षे गेली. पहिल्या प्रसंगी उष्णतेने वीज वाहती केली, दुसऱ्या प्रसंगी उष्णतेनेच संगीत बंद पाडले. कारण दोन्हीकडे एकच होते : भरलेला तळमजला, रिकामी बाल्कनी आणि मधला जिना किती उंच आहे, एवढाच प्रश्न.