रोख प्रवाह विवरणपत्राच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष पद्धती

प्रत्यक्ष पद्धत आणि अप्रत्यक्ष पद्धत या रोख प्रवाह विवरणपत्रातील कार्यचालनाचा, म्हणजे दैनंदिन व्यवसायाचा, रोख प्रवाह मांडण्याच्या दोन रीती आहेत. प्रत्यक्ष पद्धतीत ग्राहकांकडून आलेली आणि पुरवठादार, कर्मचारी आदींना दिलेली रोख रक्कम स्वतंत्रपणे दाखवतात. अप्रत्यक्ष पद्धतीत निव्वळ नफ्यापासून सुरुवात करून त्यात आवश्यक समायोजने करतात. दोन्हींचे अंतिम उत्तर एकच असते. गुंतवणूक व वित्तपुरवठा यांचे विभाग दोन्ही पद्धतींत सारखेच राहतात.

## उदाहरण

एका व्यापाऱ्याची वर्षाची आकडेवारी पुढीलप्रमाणे आहे. सोयीसाठी कर व व्याज वगळले आहे.

| नफा-तोटा पत्रक | रुपये |
|---|---|
| विक्री | १०,००,००० |
| विकलेल्या मालाची किंमत | (६,००,०००) |
| पगार व भाडे | (२,००,०००) |
| घसारा | (५०,०००) |
| जुन्या वाहनाच्या विक्रीवरील नफा | १०,००० |
| निव्वळ नफा | १,६०,००० |

ताळेबंदानुसार वर्षभरात ऋणको ६०,०००, मालसाठा २०,०००, धनको ३०,००० आणि अदत्त पगार ५,००० रुपयांनी वाढले.

### प्रत्यक्ष पद्धत

विक्री १०,००,००० रुपयांची असली, तरी त्यातील ६०,००० रुपये येणे राहिले. म्हणून ग्राहकांकडून ९,४०,००० रुपये मिळाले. साठा वाढल्याने खरेदी ६,२०,००० रुपयांची झाली. त्यातील ३०,००० रुपये देणे राहिल्याने पुरवठादारांना ५,९०,००० रुपये दिले गेले. पगार व भाड्यापोटी १,९५,००० रुपये दिले गेले. घसाऱ्यात रोख रक्कम जात नाही, म्हणून तो येथे येतच नाही.

९,४०,००० − ५,९०,००० − १,९५,००० = १,५५,००० रुपये

### अप्रत्यक्ष पद्धत

| तपशील | रुपये |
|---|---|
| निव्वळ नफा | १,६०,००० |
| अधिक : घसारा | ५०,००० |
| वजा : वाहन विक्रीवरील नफा | (१०,०००) |
| वजा : ऋणकोंतील वाढ | (६०,०००) |
| वजा : मालसाठ्यातील वाढ | (२०,०००) |
| अधिक : धनकोंतील वाढ | ३०,००० |
| अधिक : अदत्त पगारातील वाढ | ५,००० |
| कार्यचालनातील रोख प्रवाह | १,५५,००० |

वाहन विकून आलेली संपूर्ण रक्कम गुंतवणूक विभागात दाखवली जाते. त्यावरील नफा येथे वजा केला नाही, तर तो दोनदा मोजला जाईल.

## उत्तर एकच का येते

उपार्जन तत्त्वानुसार उत्पन्न व खर्च रोख हाती येण्याची किंवा जाण्याची वाट न पाहता नोंदवले जातात. जो भाग रोखीत उतरलेला नसतो, तो ऋणको, मालसाठा, धनको किंवा अदत्त खर्च या शेषांमध्ये साठतो. प्रत्यक्ष पद्धत हा फरक प्रत्येक ओळीवर लावते : ६०,००० विक्रीतून वजा होतात, ५,००० पगारातून कमी होतात. अप्रत्यक्ष पद्धत तेच फरक सर्व ओळींच्या बेरजेवर, म्हणजे नफ्यावर, एकत्रितपणे लावते. बदलतो तो केवळ बेरीज-वजाबाकीचा क्रम.

## चुका व पडताळणी

दोन्ही उत्तरे जुळली नाहीत, तर फरकाची रक्कम पाहणे उपयोगी ठरते. वाहनावरील नफा वजा करायचा राहिल्यास फरक १०,००० रुपयांचा येतो. तो चुकून अधिक केल्यास दुप्पट, म्हणजे २०,००० रुपयांचा येतो.

उत्तरे जुळली म्हणजे ती बरोबर आहेतच, असे मात्र नाही. वरील धनकोंच्या ३०,००० रुपयांच्या वाढीत उधारीवर घेतलेल्या फर्निचरचे १२,००० रुपये आहेत असे समजा. ते वेगळे न काढल्यास दोन्ही पद्धतींत उत्तर १,५५,००० रुपयेच येईल, प्रत्यक्षात ते १,४३,००० रुपये हवे. फर्निचरची ही किंमत गुंतवणूक विभागात रोखीने दिल्याचे दाखवली गेल्यास तेथील खर्च १२,००० रुपयांनी फुगतो, आणि रोख शिलकीतील एकूण बदलही ताळेबंदाशी जुळतो. दोन्ही आकडे ताळेबंदातील त्याच शेषांवरून काढलेले असल्याने ही चूक त्यांच्या तुलनेत दिसत नाही. ती रोकड वहीतील पुरवठादारांना दिलेल्या रकमांशी ताडून पाहिल्यावरच उघड होते.

## मानके व प्रचलन

आंतरराष्ट्रीय लेखा मानक ७ दोन्ही पद्धतींना मान्यता देते, पण प्रत्यक्ष पद्धतीला उत्तेजन देते. कारण तिच्यातून भावी रोख प्रवाहाचा अंदाज बांधण्यास उपयुक्त अशी माहिती मिळते, जी अप्रत्यक्ष पद्धतीत मिळत नाही. अमेरिकेच्या मानकांनुसार प्रत्यक्ष पद्धत वापरणाऱ्या कंपनीला निव्वळ नफा व कार्यचालनातील रोख प्रवाह यांचा मेळही द्यावा लागतो. भारतात सेबीच्या २०१५ च्या सूचिबद्धताविषयक विनियमांनुसार सूचिबद्ध कंपन्यांना वार्षिक अहवालात अप्रत्यक्ष पद्धतच वापरावी लागते.