पेरिक्लीसच्या शिरस्त्राणाखाली

अथेन्सचा नेता पेरिक्लीस याचे डोके प्रमाणाबाहेर लांबट होते, म्हणून शिल्पकारांनी त्याला जवळजवळ सर्वत्र शिरस्त्राण घातले, असे प्लुटार्क सांगतो. विनोदी कवी तर त्याच्या डोक्याला रानकांद्याची उपमा देत!

हे शिरस्त्राण कल्पनेने उतरवले तर खाली काय दिसेल? कपाळ सोपे आहे. भुवयांपासून नाकाच्या तळापर्यंत जेवढे अंतर, तेवढेच भुवयांपासून केशरेषेपर्यंत धरावे. हे प्रमाण व्हिट्रुव्हियसने नोंदवले आहे. कानशिलांवरच्या कुरळ्या बटांचे वळण वर नेले की केसही जुळतात.

फसगत होते ती कवटीपाशी. वर सरकवलेल्या शिरस्त्राणाच्या नेत्रछिद्रांतून काही प्रतींत केस डोकावतात. ते खरे मानले, तर कवटी थेट तिथवर उंच काढावी लागते.

इथे 1972 साली इटलीतील रियाचे गावाजवळ समुद्रात सापडलेला कांस्ययोद्धा ‘ब’ उपयोगी पडतो. त्याचे शिरस्त्राण हरवले आहे आणि खालचे डोके विचित्र लांबट आहे. ती त्या योद्ध्याची कवटी नव्हे, शिरस्त्राण उंच बसावे म्हणून दिलेला आधार आहे.

म्हणून पेरिक्लीसला मी साधीच कवटी देईन. कवींची थट्टा त्याच्या हयातीतली आहे, तेव्हा डोके थोडे लांबट असेलही; पण ते या पुतळ्यावरून मोजता येत नाही.