डोकेदुखीसाठी पिशवी काढायची का? शंभर वर्षांची एक चूक आणि केळशीचे एक कॅलेंडर

आजचा लेख पाळी जाण्याच्या काळातल्या डोकेदुखीबद्दल आहे. विषयाला थोडा इतिहास जोडला आहे, कारण तो माहीत असेल तर अनेक बायकांचे एक अनावश्यक ऑपरेशन टळू शकते.

सुरुवात एका रुग्णाने करतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. केळशीच्या एक ताई, वय ४६. घरची नारळ-सुपारीची वाडी आणि पर्यटकांसाठी घरगुती जेवण, असा दिवसभराचा राबता. पंचविशीपासून पाळीच्या आदल्या दिवशी अर्धे डोके दुखायचे, उलटी झाली की बरे वाटायचे. महिन्यातून एकदा, फार तर दोनदा. त्याची त्यांना सवय झाली होती. पण गेल्या दीड वर्षात सगळे बिघडले. पाळी कधी वीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी, आणि आली की भरपूर. रात्री गरम वाफा येऊन घामाने जाग यायची. डोके तर आठवड्यातून तीन-चार दिवस दुखत होते. खुर्चीत बसता बसता त्या म्हणाल्या, "डॉक्टर, सगळे म्हणतात ती पिशवीच काढून टाक, म्हणजे डोकंपण थांबेल. तुम्ही चिठ्ठी द्या."

तुमच्यापैकी अनेकींनी हा सल्ला ऐकला असेल. तो आला कुठून?

पाळी जाते हे वैद्यकाला नव्याने कळलेले नाही. सुश्रुतसंहितेत पाळीचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत सांगितला आहे. अर्ध्या डोक्याच्या दुखण्याला आयुर्वेदात अर्धावभेदक असे नाव आहे, आपण त्याला अर्धशिशी म्हणतो. युरोपात पाळी जाण्याला 'मेनोपॉज' हा शब्द गार्दान नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८२१ मध्ये रूढ केला. नावे होती, कारण मात्र माहीत नव्हते. स्त्रीचे जे दुखणे कळत नाही त्याचे मूळ ओटीपोटात, असा समज होता.

त्या समजाला १८७२ मध्ये सुरीची जोड मिळाली. अमेरिकेत रॉबर्ट बॅटी या सर्जनने पाळीच्या त्रासासाठी एका स्त्रीची निरोगी बिजांडे काढली. पुढच्या काही दशकांत फिट्सपासून वेडेपणापर्यंत अनेक 'मज्जातंतूंच्या' तक्रारींसाठी ही शस्त्रक्रिया झाली. विचार साधा होता: त्रास पाळीबरोबर येतो, तेव्हा पाळीच बंद करा.

हा विचार कुठे चुकतो ते बरोबर शंभर वर्षांनी दिसले. सिडनीतले मज्जाविकारतज्ज्ञ ब्रायन सॉमरव्हिल यांनी पाळीच्या वेळी हमखास अर्धशिशी होणाऱ्या मोजक्या स्त्रियांवर एक प्रयोग केला. पाळीच्या आधी शरीरातली दोन संप्रेरके खाली येतात, प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन. डोके कोणामुळे दुखते? त्यांनी आधी प्रोजेस्टेरॉनचे इंजेक्शन दिले. पाळी पुढे गेली, पण डोके बहुतेकींचे ठरल्या वेळीच दुखले. मग १९७२ मध्ये त्यांनी इस्ट्रोजेनच्या इंजेक्शनचा अनुभव प्रसिद्ध केला. या वेळी पाळी वेळेवर आली आणि डोके काही दिवस उशिरा दुखले, म्हणजे इंजेक्शनमधले इस्ट्रोजेन उतरू लागले तेव्हा.

या प्रयोगाने दोन गोष्टी सुट्या केल्या. रक्तस्राव आणि डोकेदुखी एकाच वेळी येतात, पण एकामुळे दुसरी होत नाही. डोके दुखते ते इस्ट्रोजेन बरेच दिवस वर राहून मग उतरल्यामुळे. म्हणजे इस्ट्रोजेन कमी असणे हा मुख्य प्रश्न नाही, ते उतरणे हा आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्याला हे लगेच कळेल: होडी अडकते ती ओहोटी लागताना.

आता पाळी जाण्याचा काळ या नजरेने पाहा. चाळिशीच्या मध्यापासून बिजांडे अनियमित होतात. एखाद्या महिन्यात इस्ट्रोजेन तरुणपणापेक्षाही वर चढते आणि धाडकन उतरते, एखाद्या महिन्यात फारसे चढतच नाही. पूर्वी महिन्याला एक ओहोटी होती, आता किती आणि कधी याचा नेम नाही. म्हणून अर्धशिशी याच काळात सर्वांत जास्त सतावते. पाळी कायमची थांबून वर्ष-दोन वर्षे गेली की पातळी खाली पण स्थिर होते आणि पुष्कळ जणींची डोकेदुखी कमी होते.

पण बिजांडे काढली तर? मग ओहोटी हळूहळू न येता एका दिवसात येते. इटलीत १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, नैसर्गिकरीत्या पाळी गेलेल्या सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांची अर्धशिशी सुधारली होती. ऑपरेशनने पाळी गेलेल्यांमध्ये जवळपास तेवढ्याच प्रमाणात ती वाढली होती. नुसती पिशवी काढून बिजांडे ठेवली तरी चढउतार चालूच राहतात. फक्त पाळी दिसत नाही, त्यामुळे डोकेदुखीचा मेळ कशाशी लावायचा तेच कळेनासे होते.

हा केवळ जुन्या काळचा प्रश्न नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. ती ऑपरेशने डोकेदुखीसाठी झाली असे मी म्हणत नाही. पण 'पिशवी काढली की कटकट मिटली' ही समजूत आपल्याकडे किती सहज ऑपरेशन टेबलापर्यंत नेते, हे त्यातून कळते. केळशीच्या दक्षिणेला याच किनाऱ्यावर मुरूड आहे, र. धों. कर्वे यांचे गाव. त्यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून स्त्रीच्या शरीराबद्दल मराठीत उघड लिहिले. तरीही माझ्या ओपीडीत पाळीचा विषय अजून बाहेर कोणी नाही ना हे पाहूनच निघतो.

आता ताईंकडे परत येऊ. मी त्यांना ऑपरेशनची चिठ्ठी दिली नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयवर तीन खुणा करायला सांगितल्या: पाळीच्या दिवशी गोल, डोके दुखले तर फुली, आणि गोळी घेतली तर तिचा आकडा. महिन्याने त्या पान घेऊन आल्या. फुल्या १८ होत्या. पाळीभोवतीच्या चार दिवशी जोराचे, उलटीसह दुखणे. उरलेले १४ दिवस डोके नुसते जड. आणि गोळ्यांचे आकडे १६ दिवशी! दुकानातून मिळणारी, वेदनाशामक आणि कॅफिन एकत्र असलेली गोळी होती ती.

इथे दुसरे कारण सापडले. अशा मिश्र गोळ्या महिन्यातून दहा किंवा जास्त दिवस, साध्या वेदनाशामक गोळ्या पंधरा किंवा जास्त दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक चालले तर गोळीच रोजची डोकेदुखी निर्माण करते. इस्ट्रोजेनच्या चढउतारांनी डोकी वाढली, म्हणून गोळ्या वाढल्या, आणि गोळ्यांनी डोकी आणखी वाढवली. पिशवी काढून यातले काहीच सुटले नसते.

आम्ही मिश्र गोळी बंद केली. पहिले आठ-दहा दिवस डोके जास्त दुखेल हे आधीच सांगून ठेवले, आणि तसेच झाले. खऱ्या अर्धशिशीच्या दिवशी, सुरुवात होताच, पोटात काही घालून नॅप्रोक्सेन ५०० मि.ग्रॅ., आठवड्यात जास्तीत जास्त दोन दिवस. बीपी नॉर्मल होते, हिमोग्लोबिन मात्र ९.४. त्यामुळे लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि जास्त रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. पंचेचाळिशीनंतर असा रक्तस्राव 'वयाचा आहे' म्हणून सोडायचा नसतो, पिशवीच्या अस्तराची तपासणी करावी लागते. ती ठीक निघाली. रक्तस्रावासाठी पिशवीत बसवायचे, प्रोजेस्टेरॉनसारखे संप्रेरक सोडणारे साधन निवडले गेले. गरम वाफा आणि अर्धशिशी या दोन्हींना उपयोगी पडते म्हणून व्हेनलाफॅक्सिन हे औषध कमी मात्रेत, बीपीवर लक्ष ठेवून दिले. संकष्टीचा कडक उपवास सोडायला त्या तयार नव्हत्या, तेव्हा फळे, दूध आणि पाणी वेळेवर घ्यायचे ठरले, कारण उपाशी राहणे हेही अर्धशिशीला निमित्त होते. चौथ्या महिन्याच्या पानावर पाच फुल्या होत्या. डोकेदुखी पूर्ण गेली नाही, पण पाच दिवस आणि अठरा दिवस यात खूप फरक आहे.

संप्रेरकांचे काय, असे तुम्ही विचाराल. २००२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनच्या गोळ्यांचे धोके दिसले आणि त्यांचा वापर झपाट्याने घटला. त्या अभ्यासातल्या स्त्रियांचे सरासरी वय मात्र ६३ होते. आज पाळी जातानाच्या काळात, तीव्र गरम वाफा असतील तर, इस्ट्रोजेन देता येते. अर्धशिशी असलेल्या स्त्रीला ते गोळीपेक्षा त्वचेवरच्या जेल किंवा पट्टीतून देणे बरे, कारण पातळी स्थिर राहते. पिशवी असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हवेच. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गाठी किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर हा मार्ग सहसा बंद. डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या रेघा येत असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशा स्त्रीला इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी देत नाहीत, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो.

आणि प्रत्येक डोकेदुखी पाळीच्या माथी मारू नका. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, विशेषतः कानशील दुखते, चावताना जबडा भरून येतो, नजर अंधुक होते, असे असेल तर त्याच दिवशी दाखवा. कानशिलाच्या रक्तवाहिनीच्या सुजेत उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. क्षणात शिगेला पोचणारे भयंकर दुखणे, हातापायातली शक्ती जाणे, बोलणे अडखळणे किंवा तापाबरोबर मान ताठणे, यात घरी थांबूच नका.

बाकीच्यांनी आज एवढेच करा: कॅलेंडरवर गोल, फुली आणि आकडा. महिन्याचे पान घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि कोणी डोकेदुखीसाठी पिशवी काढायला सांगितली, तर होकार देण्याआधी ते पान त्यांच्यापुढे ठेवा.