'महल'मधला शेवटचा बंद

गझलेला दरवाजा असतो. मक्त्यात शायर आपला तखल्लुस घालतो आणि तो दरवाजा आतून लावून घेतो. ऐकणाऱ्याला कळते की गझल संपली, आता दाद द्यायची. चित्रपटातल्या गाण्याला अशी सोय नाही. तिथे शायराचे नाव ओळीत येत नाही, आणि काही वेळा तर कथेलाच असे गाणे हवे असते की जे संपल्यासारखे वाटू नये. आवाज दूर जावा, विरावा, पण बंद होऊ नये. असा शेवट शब्दांत कसा बांधायचा, याचा एक उत्तम नमुना 1949 च्या 'महल' चित्रपटात आहे. 'आयेगा आनेवाला' हे ते गाणे. दिग्दर्शन कमाल अमरोही यांचे, संगीत खेमचंद प्रकाश यांचे, आवाज लता मंगेशकर यांचा. गीतकार नख्शब जारचवी यांचे नाव मात्र आज फार थोड्यांना आठवते.

नख्शब यांना तक्रार, म्हणजे एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणणे, नवीन नव्हते. 1945 च्या 'जीनत' चित्रपटातली बायकांनी गायलेली गाजलेली कव्वाली त्यांचीच. पण कव्वालीतली तक्रार चढत जाते. दर फेरीला टाळी वाढते, आवाज वाढतो, मजलिस तापते. 'महल'मध्ये त्याच तक्रारीकडून नेमके उलटे काम करून घ्यायचे होते. दर फेरीला काहीतरी कमी व्हायला हवे होते.

त्यासाठी आधी कथा पाहावी लागते. नदीकाठच्या ओसाड हवेलीत नवा मालक येतो. म्हातारा राखणदार त्याला जुनी हकीकत सांगतो. हवेली बांधणारा रोज मध्यरात्री होडीतून येई आणि पहाटेपूर्वी निघून जाई. कामिनी दिवसभर त्याची वाट पाही. एका रात्री वादळात त्याची होडी बुडाली. बुडताना त्याने ओरडून सांगितले की मी परत येईन. पुढे तिचीही होडी त्याच जागी बुडाली. ही हकीकत ऐकून झाल्यावर काही वेळाने हवेलीत गाणे सुरू होते. ऐकणाऱ्याच्या कानात बुडणाऱ्या माणसाचा वायदा अजून ताजा असतो.

आता बांधणी पाहू. गाणे तबल्याशिवाय, संथ प्रस्तावनेने सुरू होते. या ओळींचा काफिया 'आरे' असा आहे: सितारे, मारे, हमारे, सहारे. तो कानात मुरतो आणि मग ध्रुवपद येते. पुढे दोन बंद, प्रत्येकी चार ओळींचे. वजन तेच, मफऊल फाइलातुन मफऊल फाइलातुन, म्हणजे इक्बालच्या 'तराना-ए-हिंदी'चे. उर्दू शाळेत शिकलेल्या कोणालाही ते बोटांवर मोजता येते.

शेवटच्या बंदाच्या चार ओळी आम्ही एकेक करून तपासल्या. पहिल्या दोन ओळी आपापसात जुळलेल्या आहेत. काफिया मंजिल आणि साहिल, त्यांच्यामागे एकच रदीफ. पहिलीत वाट चुकलेले तारुण्य मुक्काम शोधते, दुसरीत नावाड्याविना नाव किनारा शोधते. तिसऱ्या ओळीत दिलाची होडी कधी काठाला लागेल ते कोणास ठाऊक, असा प्रश्न आहे. नाव, काठ, नावाडी ही उर्दू शायरीतली झिजलेली प्रतिमा आहे, पण इथे ती झिजलेली वाटत नाही. राखणदाराने सांगितलेली बुडालेली होडी तिच्यामागे उभी असते. पहिल्या बंदात दिवे आणि परवाने होते, म्हणजे जळणे होते. पाणी नख्शब यांनी शेवटापर्यंत राखून ठेवले.

तिसऱ्या ओळीचा शेवटचा शब्द 'किनारे'. इथे प्रस्तावनेतला 'आरे' काफिया परत येतो आणि कान घराकडे वळतो. चौथी ओळ नवी नाहीच. पहिल्या बंदाची चौथी ओळ जशीच्या तशी पुन्हा आली आहे. ती 'लेकिन'ने सुरू होते आणि 'इशारे'वर संपते. कागदावर हा आळस वाटेल. मुशायऱ्यात अशा ओळीला दाद मिळाली नसती. पण विरत जाणाऱ्या शेवटाला हीच ओळ लागते. आवाज बारीक होऊ लागला असताना नवा विचार आला, तर ऐकणारा अर्थ पकडायला पुढे झुकतो आणि अर्धे शब्द निसटले की चिडतो. ओळखीची ओळ समजून घ्यावी लागत नाही. ती फक्त हात धरून ध्रुवपदाच्या दारापर्यंत नेते. शिवाय त्या एका 'लेकिन'ने आधीच्या तीन ओळींतली सगळी निराशा बाजूला सरते. निराशेला उत्तर दिलेले नाही, पण तिच्यापुढे एक वायदा उभा केला आहे.

मग उरते ते ध्रुवपद. 'आयेगा' तीनदा आणि मग 'आनेवाला'. इथे बंदाचे वजन सुटते. सगळी अक्षरे उघड्या दीर्घ स्वरांवर थांबतात. व्यंजने य, ग, न, व, ल, सगळी मऊ. त, क, ट यांसारखा आघात एकही नाही. शब्द व्यंजनावर मिटत असेल, समजा 'रात' किंवा 'मौत', तर आवाज कितीही हळू केला तरी शेवटी ओठ किंवा जीभ टाळे लावतेच. 'आ' वर मात्र श्वास हवा तितका पातळ करता येतो. शब्द कुठे संपला आणि शांतता कुठे सुरू झाली, ते सांगता येत नाही.

याहूनही महत्त्वाचा आहे काळ. 'आयेगा' हा भविष्यकाळ आहे. त्याऐवजी 'आया' ठेवून पाहावे. स्वर तितकेच उघडे राहतात, पण गाणे तिथेच मिटते, कारण घडलेली गोष्ट पुन्हा पुन्हा सांगण्यात विरणे नसते. वायदा मात्र कितीही वेळा म्हटला तरी अपुराच राहतो. आणि 'आनेवाला' कोण, त्याचे नाव नाही. नाव आले असते, तर मक्त्यासारखे दार लागले असते.

लताबाईंनी पुढे सांगितले आहे की सुरुवातीच्या ओळी म्हणताना माइक खोलीच्या मधोमध होता आणि त्या कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत आल्या. आवाज दुरून जवळ यावा म्हणून ही युक्ती होती. येण्याची व्यवस्था अशी ध्वनिमुद्रणाने केली. जाण्याची व्यवस्था मात्र शायराने आधीच शब्दांत करून ठेवली होती.

या रीतीला मर्यादाही आहे. ज्या गाण्यात काही ठरते, निरोप दिला जातो किंवा हिशेब मागितला जातो, तिथे असा शेवट लबाड वाटतो. तिथे शेवटच्या ओळीने उभे राहून बोलायला हवे. विरणारा शेवट फक्त वाट पाहण्याला शोभतो.

रेकॉर्डवर तेव्हा गायिकेचे नाव लता नव्हते, पात्राचे म्हणजे 'कामिनी' हे नाव होते. आवाज कोणाचा, हे श्रोत्यांना विचारावे लागले आणि ते नाव पुढे घराघरात गेले. खेमचंद प्रकाश 1950 मध्ये वारले. नख्शब पुढे पाकिस्तानात गेले आणि त्यांच्याविषयी कोणी विचारले नाही. मक्ता नसलेल्या गाण्यात शायराला सही करायला जागा नसते. पण मंजिल, साहिल आणि किनारे हे तीन शब्द कोणी कोणत्या क्रमाने ठेवले, एवढे लक्षात ठेवले तरी ती सही वाचता येते.