शिंप्याची फीत आणि मापांची वही

१८१८ साली छत्तीसगडचा कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली गेला आणि त्याचे मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आले. रतनपूरला नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत वावरणारा अंगरखा आणि बाराबंदी हे बंदांनी बांधावयाचे कपडे होते. माणूस थोडा स्थूल झाला, की बंद सैल बांधावा. वाळला, की आवळावा. शिंप्याच्या मापात बोटभर चूक झाली तरी बंद ती पोटात घालीत. पुढे कचेऱ्या आणि न्यायालये वाढली व त्यांच्याबरोबर गुंड्यांचा कोट आला. गुंडी आणि काजे यांच्या जागा एकदा ठरल्या म्हणजे ठरल्या. तेथे शिंप्याला बिनचूक माप घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

मापे टिपून ठेवण्याची रीत मात्र आकड्यांच्या फितीहून जुनी आहे. गार्सो या फ्रेंच लेखकाने १७६९ साली शिंपीकामावर ग्रंथ लिहिला. त्यात मापाचे साधन म्हणून कागदाची एक लांब पट्टी वर्णिलेली आहे. छातीचा घेर, बाहीची लांबी जेथे संपे, तेथे शिंपी त्या पट्टीला कात्रीने खाच पाडी. प्रत्येक गिऱ्हाइकाची पट्टी निराळी. तीच त्याचे माप आणि तीच त्याची नोंद. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंचांच्या खुणा असलेली फीत प्रचारात आली. आता एकच फीत साऱ्यांना पुरू लागली. पण माप फितीवर राहीना, म्हणून ते वहीत उतरवणे भाग पडले.

या आकड्यांनी एक नवी अडचणही निर्माण केली. अडतीस इंच छातीची दोन माणसे वहीत सारखीच दिसतात. परंतु एक ताठ चालतो आणि दुसरा पोक काढून. घेराच्या आकड्यातून अंगाची ठेवण कळत नाही. ती कळण्यासाठी शिंपी गिऱ्हाइकाच्या कमरेला एक दोरी आडवी, समपातळीत बांधतो. मग मानेच्या मणक्यापासून पाठीवरून दोरीपर्यंत एक माप घेतो आणि त्याच मणक्यापासून मानेच्या बाजूने, खांद्यावरून पुढे छातीवर येऊन दोरीपर्यंत दुसरे. या दोन मापांतील अंतर म्हणजे ठेवणीची खूण होय. मात्र या वेळी गिऱ्हाइकाला 'नीट उभे राहा' असे सांगू नये. आरशासमोर आणि फितीच्या स्पर्शाने माणूस आपोआप ताठ होतो. त्याला बोलण्यात गुंतवावे आणि तो सहज उभा राहिला, की माप घ्यावे.

समजा, रायपूरच्या एका कचेरीतील तरुण कारकुनाने कोट शिवून घेतला. वहीत त्याची छाती ३८, पाठ १७ आणि पुढचे माप २१ इंच असे नोंदले गेले. दहा वर्षांनी त्याने त्याच मापाचा दुसरा कोट मागितला. छाती मोजली, ती ३८ च भरली. जुनी नोंद खरी ठरली असे समजून कापड कापले, तर कोट बिघडणार. कारण दहा वर्षे टेबलावर वाकून त्याची पाठ आता साडेसतरा झाली आहे आणि पुढचे माप साडेवीसवर आले आहे. चार इंचांचे अंतर तीनवर आले. अशा माणसाला जुन्या मापाचा कोट घातला, की कॉलर मानेपासून सुटते, मागचा काठ वर उचलला जातो आणि पुढचा खाली लोंबतो. पुष्कळदा शिंपी यावर कॉलरच उसवून आवळतो. पण दोष कॉलरचा नसतो. पाठीला अर्धा इंच वाढवून पुढून अर्धा इंच कमी केला पाहिजे. आणि तयार कोटाच्या पाठीत शिवणीत कापड दाबलेले नसेल, तर वाढवायला कापड आणायचे कोठून? म्हणून हा दोष कात्री चालण्यापूर्वीच हेरावा लागतो.

यावरून चांगल्या नोंदीचे स्वरूप ठरते. माप अंगाचे की तयार कपड्याचे, हे तीत स्पष्ट लिहिलेले असते. नाहीतर सैलपणासाठी सोडलेले इंच दुसऱ्यांदा पुन्हा मिळवले जातात. कोणत्या कपड्यावरून माप घेतले, तेही नोंदावे. 'उजवा खांदा पाव इंच खाली', 'किंचित पोक' असे शेरे आकड्यांशेजारी हवेत. आणि प्रत्येक नोंदीवर तारीख हवी. नवे माप आले, की जुने खोडू नये. त्याखाली नवी ओळ लिहावी. दोन ओळी शेजारी दिसल्या, म्हणजेच माणूस कोणत्या बाजूने बदलतो आहे ते कळते.

पुन्हा आलेल्या गिऱ्हाइकाची सारी मापे नव्याने घेण्यास सवड नसेल, तर निदान छाती, कंबर आणि मणक्यापासूनची ही दोन मापे तरी घ्यावीत. बाहीची लांबी प्रौढ माणसात फारशी बदलत नाही. पाठ मात्र बदलते, आणि गिऱ्हाइकाला स्वतःला ते बहुधा ठाऊक नसते.