मर्ढेकरांची ‘पंक्चरलेली’ रात्र : इंग्रजी धातू, मराठी प्रत्यय

नागर कवितेतील इंग्रजी शब्दांविषयी वर्गात चर्चा सुरू झाली की एक ठरलेला निष्कर्ष लगेच पुढे येतो. कवी इंग्रजी शिकलेला, शहरात वाढलेला, मुळांपासून तुटलेला, म्हणून त्याच्या मराठीत इंग्रजी शिरले. मर्ढेकरांच्या बाबतीत हा निष्कर्ष विशेष सोयीचा वाटतो. मात्र प्रकाशनाची वर्षे एका ओळीत मांडली की तो टिकत नाही.

1909 साली जन्मलेले मर्ढेकर आय.सी.एस.च्या तयारीसाठी इंग्लंडला जाऊन आले, पुढे इंग्रजीचे प्राध्यापक झाले, आणि 1937 साली त्यांचे ‘आर्ट्स अँड मॅन’ हे सौंदर्यशास्त्रावरचे इंग्रजी पुस्तक निघाले. म्हणजे इंग्रजीवर त्यांचे जे काही प्रभुत्व होते ते तोवर सिद्ध झाले होते. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1939 साली, ‘शिशिरागम’ हा त्यांचा पहिला काव्यसंग्रह आला. त्याची भाषा बालकवींच्या आणि रविकिरण मंडळाच्या वळणाची, हळवी, संस्कृतप्रचुर आहे. यंत्रांचे इंग्रजी शब्द त्यांच्या कवितेत ठळकपणे दिसतात ते 1947च्या ‘काही कविता’मध्ये. मधल्या आठ वर्षांत कवीचे इंग्रजी वाढले म्हणून हे घडले, असे म्हणता येणार नाही. बदलला तो कवितेतला बोलणारा. तेव्हा भाषेच्या मिश्रणातून कवीचे चरित्र वाचण्याऐवजी हा बोलणारा कोण, हे विचारणे अधिक फलदायी ठरते.

रात्रीच्या दिव्यांवरची मर्ढेकरांची प्रसिद्ध कविता घेऊ. तिच्या आरंभीच ‘पंक्चर’ आणि ‘पंप’ या दोन इंग्रजी नामांची क्रियापदे झाली आहेत. दिव्यांनी रात्र ‘पंक्चरली’ आहे, तरीही कुणीतरी काळोख ‘पंपतो’ आहे. या शब्दांची रचना नीट पाहिली पाहिजे. बोलीत आपण ‘पंक्चरली’ असे म्हणत नाही. सायकलच्या दुकानात चाक ‘पंक्चर होते’, पंपाने हवा ‘भरतात’ किंवा ‘मारतात’. इंग्रजी शब्द मराठीत घेताना बोली त्याला नाम म्हणून जसाच्या तसा ठेवते आणि शेजारी होणे, करणे, मारणे असे मराठी क्रियापद उभे करते. इंग्रजी शब्द त्या वाक्यात पाहुणा असतो आणि राबते ते मराठी क्रियापद. मर्ढेकरांनी हे मदतनीस क्रियापद काढून टाकले आणि इंग्रजी नामालाच धातू करून त्याला मराठीचे प्रत्यय लावले. रात्र स्त्रीलिंगी, म्हणून ‘ली’. वर्तमानकाळ, म्हणून ‘तो’.

यावरून पहिली गोष्ट अशी स्पष्ट होते की हे मिश्रण म्हणजे शहरी बोलीचे ध्वनिमुद्रण नव्हे. रस्त्यावर ऐकलेली भाषा कवीने टिपून घेतली, हे स्पष्टीकरण इथे लागू पडत नाही. कारण ही रूपे रस्त्यावरची नाहीत.

दुसरी गोष्ट, भाषावैज्ञानिक अर्थाने हे संकेतबदलही नव्हे. बोलणारा मराठी वाक्य सोडून इंग्रजी वाक्यात शिरतो, इंग्रजीचे व्याकरण चालवतो आणि परत येतो, तेव्हा दोन भाषांमधला सांधा दिसतो. सुशिक्षित मध्यमवर्गीय संभाषणात हे सतत घडते आणि त्यातून वक्त्याची प्रतिष्ठा, संकोच किंवा अंतर व्यक्त होते. ‘पंक्चरली’मध्ये सांधा वाक्याच्या मध्ये नाही, शब्दाच्या पोटात आहे. व्याकरण पूर्णपणे मराठीचे आहे. नामापासून धातू करण्याची ही वाटही मराठीला जुनीच आहे. ‘खर्च’वरून ‘खर्चणे’ आणि ‘बदल’वरून ‘बदलणे’ अशी रूपे फारसी-अरबी शब्दांपासून कधीच तयार झाली होती.

या प्रश्नाला तत्कालीन संदर्भही आहे. 1936 साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष माधव जूलियन होते, 1938 साली मुंबईच्या संमेलनाचे सावरकर. दोघेही भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते. परका शब्द ओळखावा आणि त्याच्या जागी स्वकीय शब्द ठेवावा, हा त्या चळवळीचा व्यवहार. तोच व्यवहार इथे करून पाहावा. ‘पंक्चरली’च्या जागी ‘छिद्रली’ किंवा ‘भोके पडली’ ठेवले तर अर्थ ढोबळमानाने राहतो, पण दुरुस्तीचे दुकान नाहीसे होते. रात्र ही हवा भरलेली रबरी वस्तू आहे, ती सुटते आणि पुन्हा फुगवावी लागते, हे सूचन ‘छिद्र’ या शब्दात नाही. ‘पंपणे’ काढले तर काळोख पुन्हा निसर्गातला काळोख होतो. कवितेत मात्र तो कुणा अनामिकाने राबून पुरवलेला, जवळजवळ कारखान्यातला काळोख आहे. परका शब्द काढताच प्रतिमा कोसळते, तेव्हा तो शब्द नुसता अलंकार नव्हता हे कळते.

हेच ‘पिपात मेले ओल्या उंदीर’ या कवितेतही तपासता येते. तिथल्या ‘बेकलाइटी’ या विशेषणात बेकलँड या रसायनज्ञाचे नाव, त्याने शोधलेले कृत्रिम राळेचे द्रव्य आणि मराठीचा ‘ई’ प्रत्यय एकत्र आले आहेत. रेडिओच्या पेट्या, टेलिफोन आणि विजेची बटणे त्या काळी याच द्रव्याची होत, आणि मर्ढेकर स्वतः आकाशवाणीत नोकरीला होते. त्याच कवितेतले ‘पिंप’ मूळचे पोर्तुगीज. ते मात्र कुणालाच परके वाटत नाही. परकेपणा शब्दाच्या कुळावर ठरत नाही, तो भाषेत किती काळ राहिला आहे यावर ठरतो. मर्ढेकर ‘बेकलाइट’ला तेवढा काळ थांबू देत नाहीत.

मग हा बोलणारा कोण? तो इंग्रजी मिरवणारा साहेबी माणूस नव्हे. ‘पंक्चर’ आणि ‘पंप’ हे शब्द मराठीत महाविद्यालयाच्या दारातून आले नाहीत, हातांना ग्रीस लागलेल्या कारागिरांच्या तोंडून आले. हा बोलणारा दोन भाषांच्या मध्ये उभाही नाही. त्याच्याजवळ एकच भाषा आहे, ती मराठी, आणि तिच्या धातूंच्या जागी यंत्र शिरले आहे. याच संग्रहात त्याला अभंग-ओवीची चाल जवळची वाटते, याचा उलगडाही इथेच होतो. संतांची लय त्याला वारशाने मिळाली आहे, पण जगात जे काही घडते त्याची क्रियापदे यंत्राने पुरवली आहेत. नामे परकी असती तर त्याचे घर परक्या वस्तूंनी भरले आहे, एवढेच म्हटले असते. क्रियापदे परकी आहेत, म्हणजे त्याच्या जगातल्या क्रियाच बदलल्या आहेत.

या वाचनाला एक मर्यादा आहे. रूढ झाल्यावर असा शब्द काही बोलत नाही. ‘पंक्चरली’ला जो धक्का आहे तो त्या रूपाच्या नवेपणात आहे, म्हणून एखाद्या कवितेतले इंग्रजी शब्द केवळ मोजून हाती फारसे लागत नाही. शब्द नाम म्हणून पाहुणा राहिला आहे की मराठी प्रत्यय घेऊन राबू लागला आहे, तो कुणाच्या तोंडून मराठीत आला, आणि त्या कवितेच्या काळी त्याचे ते रूप कानाला खुपत होते की नाही, हे पाहिले की बोलणारा हळूहळू दिसू लागतो. तो दिसला की कवीच्या शिक्षणाचा दाखला पुढे करण्याची गरज उरत नाही.